किचनचे खालचे बॉक्स: पायांवर लेव्हल करणे, एकमेकांना जोडणे आणि भिंतीला पकडणे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं १८ मि.मी. प्लायच्या, प्लास्टिकच्या ॲडजस्टेबल पायांवर उभ्या राहणाऱ्या आणि वर ग्रॅनाइट घ्यायच्या बॉक्सबद्दल आहेत. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये आज बहुतेक किचन असंच होतं. उदाहरणासाठी शेवटपर्यंत एकच एल आकाराचं किचन घेतलं आहे. लांब भिंतीवर कोपऱ्याचा ९०० × ९०० चा बॉक्स, मग ६०० चा ड्रॉवरचा, ९०० चा शेगडीखालचा आणि शेवटी ३०० चा बॉटल पुलआउट. आखूड भिंतीवर कोपऱ्याला लागून ९०० चा सिंकचा बॉक्स. सगळ्या बॉक्सची उंची ७२० आणि खोली ५६० मि.मी.

लादी तर नवी आणि सपाट दिसते. तरी लेव्हल घ्यायलाच हवी का?

हवीच. किचनची लादी मुद्दाम उतारावर बसवलेली असते, कारण धुतल्यावर पाणी ड्राय बाल्कनीकडे किंवा जाळीकडे जायला हवं. त्यात लादी बसवताना मध्येच एखादा उंचवटा राहून जातो. डोळ्याला हे कळत नाही, पण अडीच-तीन मीटरच्या ओट्यात १५ ते २० मि.मी. चा फरक अगदी सहज निघतो. म्हणून उंची जमिनीपासून मोजायची नाही. भिंतीवर एक आडवी रेघ मारायची आणि सगळी मापं त्या रेघेपासून घ्यायची. पुढच्या कामात जमीन आणि भिंत दोन्ही वाकड्या आहेत असं धरून चालायचं. भरवसा फक्त या रेघेवर.

ही रेघ मारायची कशी? लेझर नसेल तर?

लेझर असेल तर काम पाच मिनिटांचं. नसेल तर पाण्याची पारदर्शक नळी, म्हणजे आपला लेव्हल पाइप, तितकाच अचूक असतो. फक्त दोन माणसं लागतात. नळी भरताना आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका आणि माप घेताना दोन्ही तोंडं उघडी ठेवा. एका तोंडावर बोट राहिलं तर पाणी खोटी पातळी दाखवतं. दोन्ही टोकं शेजारीशेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का, हे सुरुवातीला एकदा बघून घ्या.

दोन फुटी स्पिरिट लेव्हल सरकवत सरकवत लांब रेघ मारणं मात्र टाळा. दर वेळी अर्धा मि.मी. इकडेतिकडे होतो आणि चार-पाच वेळा सरकवल्यावर तो बेरजेत येतो. स्पिरिट लेव्हल एकेक बॉक्स तपासायला ठेवा. आणि ती खरी आहे का तेही तपासा: एका जागी ठेवून बुडबुडा बघा, मग त्याच जागी टोकं उलटी करून ठेवा. बुडबुडा दुसरीकडे गेला तर लेव्हल बदला.

जमिनीचा सर्वांत उंच भाग शोधायला सांगतात. त्याचं पुढे काय करायचं?

सगळं गणित तिथूनच सुरू होतं. पाय लांब करता येतात, पण एका मर्यादेखाली आखूड होत नाहीत. त्यामुळे जिथे जमीन सर्वांत वर आहे तिथे पाय जवळजवळ आखूड ठेवायचा आणि बाकी सगळे त्या हिशोबाने वाढवायचे.

आपल्या उदाहरणात रेघ जमिनीपासून साधारण एक मीटरवर मारली. जिथे जिथे पाय येणार तिथे रेघेपासून लादीपर्यंतचं अंतर मोजलं, भिंतीलगत आणि पुढे ५०० मि.मी. वरही. पुढची मापं घ्यायला लेझर किंवा भिंतीच्या रेघेपासून पुढे धरलेली सरळ पट्टी आणि लेव्हल वापरा. समजा कोपऱ्यात अंतर ९९४ आलं, शेगडीच्या बॉक्सखाली ९८८, बॉटल पुलआउटच्या टोकाला १००३ आणि सिंकच्या टोकाला १००९. ज्या जागी अंतर सर्वांत कमी, ती जागा सर्वांत उंच. म्हणजे उंचवटा शेगडीखाली आहे.

तिथे पाय १०० मि.मी. ठेवायचा ठरवला, तर बॉक्सचा तळ रेघेच्या खाली ८८८ वर येतो. मग कोपऱ्यातला पाय ९९४ वजा ८८८, म्हणजे १०६. पुलआउटच्या टोकाला ११५ आणि सिंकच्या टोकाला १२१. तळ ८८८ वर आणि बॉक्स ७२० उंच, म्हणून बॉक्सची वरची कड रेघेच्या खाली १६८ वर येईल. ही दुसरी रेघ भिंतीवर लगेच मारून ठेवा. बॉक्स लावताना हीच कामाला येते.

ओट्याची उंचीही इथेच पक्की होते. १८ मि.मी. ग्रॅनाइट धरलं तर शेगडीपाशी ओटा जमिनीपासून ८३८ आणि सिंकच्या टोकाला ८५९ मि.मी. भरेल. ओटा लेव्हलमध्येच आहे, उतार जमिनीचा आहे. मोजपट्टी घेऊन "दोन्हीकडे उंची वेगळी का?" असं कोणी विचारलं तर हे सांगावं लागतं. कामाआधी सांगितलेलं बरं.

४ इंची पाय किती लांब करता येतो?

पायावर किंवा त्याच्या पाकिटावर किमान-कमाल लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. कमाल आकड्यापर्यंत मात्र जाऊ नका. पूर्ण बाहेर काढलेल्या पायात दोन-चारच आटे अडकलेले राहतात आणि तो कंबरेत डुगडुगतो. उभं वजन तो घेईल, पण बॉक्स आडवा ढकलला तर हलेल. निदान १५ मि.मी. आटे आत राहायला हवेत.

आपल्या उदाहरणात घरच्यांनी ओटा आणखी ३० मि.मी. उंच मागितला, तर सिंकच्या टोकाचा पाय १५१ होईल. मग ४ इंची पाय बाद, सगळीकडे ६ इंची घ्यायचे. फक्त त्या एका टोकाखाली प्लायचे तुकडे सरकवून भागवणं चुकीचं आहे. लादी धुतली की प्लाय फुगतो, मग कुजतो, आणि वर्षा-दोन वर्षांत तोच कोपरा खाली बसतो.

पाय बॉक्सच्या तळाला नेमके कुठे लावायचे?

चुका सगळ्यात जास्त इथे होतात. ग्रॅनाइटचं वजन तळाच्या फळीवर येत नाही, ते साइड पॅनलमधून सरळ खाली उतरतं. म्हणून पायाची प्लेट साइड पॅनलखाली गेलेली हवी. साइडपासून दोन-तीन इंच आत, नुसत्या तळाच्या फळीवर पाय लावला तर साइड अधांतरी राहते. मग सगळं वजन साइड आणि तळ जोडणाऱ्या तीन-चार स्क्रूंवर लटकतं. काही महिन्यांनी तळाची फळी पायाशी वर उचललेली आणि साइडच्या जोडात केसाएवढी फट दिसली, तर कारण बहुधा हेच.

पुढचे पाय बॉक्सच्या पुढच्या कडेपासून ५० ते ७० मि.मी. आत घ्या, म्हणजे पाय झाकणारं स्कर्टिंग आत जाऊन उभं राहणाऱ्याच्या पंजाला जागा मिळते. सगळ्या बॉक्सचे पुढचे पाय एका रेषेत असतील तरच स्कर्टिंगच्या क्लिपा नीट बसतात. प्लेटला १६ मि.मी. चे स्क्रू लावा. १८ च्या फळीत २० चा स्क्रू घातला तर त्याचं टोक बॉक्सच्या आत निघतं.

साध्या बॉक्सला ४ पाय, कोपऱ्याच्या बॉक्सला ६. आपल्या किचनला एकूण २२ लागतात. ९०० च्या ज्या बॉक्समध्ये पिठाचे, तांदळाचे डबे थेट तळावर ठेवायचे आहेत, त्याला मध्ये आणखी दोन द्या. ड्रॉवरच्या बॉक्सला मधल्या पायांची तशी गरज नाही, कारण ड्रॉवरचं वजन चॅनलमधून साइडवर जातं.

पाय लावायच्या आधी साइडच्या खालच्या कापलेल्या कडा बघून घ्या. त्या उघड्या असतील तर एजबँड किंवा सीलरचे दोन हात द्या. बॉक्स उभा राहिल्यावर तिथे हात पोचत नाही.

सुरुवात कोणत्या बॉक्सपासून करायची?

एल किचनमध्ये कोपऱ्यापासून. तो बॉक्स दोन्ही भिंतींची दिशा ठरवतो. तो दोन मि.मी. फिरला की अडीच मीटरवरच्या शेवटच्या बॉक्सला ही चूक बरीच मोठी होऊन भेटते. आधी भिंतींचा कोपरा काटकोनात आहे का ते बघा: कोपऱ्यापासून एका भिंतीवर ९०० आणि दुसरीवर १२०० मोजून खुणा करा. दोन खुणांमधलं तिरकं अंतर १५०० आलं तर काटकोन. कमी आलं तर कोपरा आवळलेला आहे, जास्त आलं तर उघडलेला.

काटकोन नसेल तर बॉक्स भिंतीला चिकटवून वाकडा करू नका. बॉक्स गुण्यात ठेवा आणि जी फट उरेल ती भिंतीच्या बाजूला जाऊ द्या. वर ग्रॅनाइट ६०० रुंद आहे आणि बॉक्स ५६० खोल, त्यामुळे थोडी फट सहज झाकली जाते. पण हे माप ग्रॅनाइट कापायच्या आधी दगडवाल्याला द्या.

मागचे पाय हाताला लागतच नाहीत. ते फिरवायचे कसे?

म्हणूनच पाय मोजून आधी लावायचे. वरच्या हिशोबातून प्रत्येक पायाची लांबी माहीत आहे. बॉक्स आडवा असतानाच मागचे दोन पाय त्या मापाला फिरवून ठेवा, पुढचे दोन-तीन मि.मी. आखूड ठेवा. बॉक्स उभा करून जागेवर सरकवा, मागची वरची कड भिंतीवरच्या १६८ च्या रेघेला लागते का ते बघा, आणि बाकीचं पुढच्या पायांनी जुळवा. मागे एखादा मि.मी. कमी-जास्त असेल तर बॉक्स बाहेर ओढा, पाय फिरवा, परत सरकवा. कंटाळवाणं आहे, पण भिंतीला लावलेल्या बॉक्सखाली आडवं पडून हात घालण्यापेक्षा लवकर होतं.

वजन असलेला पाय फिरवताना जोर लावू नका, आटे ओरबाडले जातात. साथीदाराला बॉक्सची कड जरा उचलायला सांगा, मग पाय बोटांनी फिरतो. आणि बॉक्स ओढताना पायांवर फरफटत नेऊ नका. प्लेटचे स्क्रू उपटून येतात.

लेव्हल बरोबर दाखवते, तरी बॉक्स डुगडुगतो. का?

चार पायांपैकी तिघांवर बॉक्स उभा आहे आणि चौथा हवेत आहे. प्रत्येक पायाखाली कागद सरकवून बघा. जिथे कागद अडकत नाही तो पाय टेकेपर्यंत फिरवा, आणि टेकला की थांबा. त्यापुढे फिरवलं तर समोरचा कोपरा उचलला जातो आणि बॉक्सला पीळ बसतो.

हा पीळ ओळखण्यासाठी समोरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ९०० × ७२० च्या बॉक्सची वरची बाजू तळाच्या मानाने ३ मि.मी. सरकली, तर दोन कर्णांत जवळजवळ ५ मि.मी. फरक पडतो. शटर लावल्यावर त्यांच्यामधली फट वर रुंद आणि खाली अरुंद दिसायला लागली की मिस्त्री बिजागऱ्यांचे स्क्रू फिरवत बसतो. आधी कर्ण मोजा. कर्ण सारखे नसतील तर दोष बिजागरीत नाही, पायात आहे.

सिंकचा बॉक्स यात सर्वांत नाजूक. नळ आणि ड्रेनसाठी त्याची पाठ कापलेली असते, म्हणून त्याला आकारात धरून ठेवणारं काही उरत नाही. वर पुढे आणि मागे १०० मि.मी. रुंदीच्या आडव्या पट्ट्या असल्याशिवाय तो जागेवर नेऊ नका.

एक छोटी गोष्ट: पाय जिथे टेकणार त्या लादीवर नाण्याने टकटक करून बघा. पोकळ आवाज आला आणि लादीचा तो कोपरा हलत असेल, तर वर ग्रॅनाइट आल्यावर ती तडकू शकते. पाय थोडा सरकवा किंवा लादी आधी भरून घ्या.

बॉक्स एकमेकांना कधी आणि कसे जोडायचे?

सगळे लेव्हलमध्ये उभे राहिल्यावर, पण भिंतीला लावायच्या आधी. दोन बॉक्सच्या पुढच्या कडा आणि वरच्या कडा बोट फिरवून एकसारख्या करा. नखाला पायरी लागली नाही पाहिजे. मागच्या कडा जुळल्या नाहीत तरी चालेल. दिसतं ते पुढे. मग पुढे वर आणि खाली असे दोन क्लॅम्प लावा. क्लॅम्पच्या जबड्याखाली प्लायचे तुकडे द्या, नाहीतर लॅमिनेटवर वळ उठतो.

आता स्क्रू. दोन साइड मिळून ३६ मि.मी. होतात. म्हणून ४ मि.मी. जाडीचा ३० लांबीचा स्क्रू घ्या. ३५ चा घेतला आणि डोकं थोडं जास्त बसलं की टोक शेजारच्या बॉक्समध्ये फोड आणतं. बॉक्स १६ मि.मी. चे असतील तर स्क्रू २५ चा.

जोडताना होणारी खरी चूक मात्र भोकाची आहे. पहिल्या साइडमध्ये भोक आरपार ४.५ मि.मी. चं हवं, म्हणजे स्क्रू त्यात सैल फिरेल आणि फक्त दुसऱ्या साइडमध्ये चावेल. तेव्हाच डोकं पहिल्या साइडला ओढून दुसरीवर दाबतं. दोन्हींत बारीक भोक करून स्क्रू घातला तर तो दोन्हींत एकाच वेळी चावतो, आणि मध्ये जी फट होती ती तशीच कायम होते. कितीही कसा, ती जात नाही. मग लोक मोठा स्क्रू घालतात. उपाय मोठा स्क्रू नाही: स्क्रू काढायचा, पहिलं भोक मोठं करायचं, परत क्लॅम्प लावून कसायचं.

स्क्रूऐवजी नर-मादी कनेक्टर बोल्ट वापरला तर उत्तम. त्याला दोन्ही साइडमधून आरपार भोक लागतं आणि पुढे किचन हलवायचं झालं तर तो सहज सुटतो. स्क्रूच्या जागा एकदा-दोनदाच काढघाल सहन करतात.

एका जोडाला किती स्क्रू आणि कुठे?

चार: दोन पुढे, दोन मागे, वर-खाली साधारण ८० ते १०० मि.मी. सोडून. मारायच्या आधी आत बिजागरीची प्लेट आणि ड्रॉवरचं चॅनल कुठे येणार ते बघा. स्क्रूचं डोकं नेमकं चॅनलच्या वाटेत आलं तर ड्रॉवर घासत चालतो आणि दोष चॅनलवर येतो. जिथे जमेल तिथे पुढचे स्क्रू बिजागरीच्या प्लेटमागे लपवता येतात.

जोडून झाल्यावर लेव्हल परत घ्या. क्लॅम्प आवळताना एखादा बॉक्स उचलला जातोच. संपूर्ण लांबीवर सरळ ॲल्युमिनियमची पट्टी ठेवून बघा: २७०० च्या लांबीत २ मि.मी. पेक्षा जास्त फट कुठेही दिसायला नको. ग्रॅनाइट वाकत नाही. खाली फट राहिली तर तो अधांतरी राहतो, आणि शेगडीच्या कापाच्या पुढे जी अरुंद पट्टी उरते तिथे तडकतो.

वर शंभर किलोंचं ग्रॅनाइट येणार आहे. मग भिंतीला लावायची गरजच काय?

हिशोब बरोबर आहे. १८ मि.मी. ग्रॅनाइट चौरस मीटरला साधारण ४८ ते ५० किलो भरतं. आपल्या किचनमध्ये सुमारे २.३४ चौ.मी. लागेल, म्हणजे जवळपास ११५ किलो. पण हे वजन बॉक्स खाली दाबतं, आडवा धरत नाही. भांड्यांनी भरलेला ड्रॉवर रोज दहा वेळा जोरात ओढला जातो, आणि दर वेळी बॉक्स पुढे यायला बघतो. पाय प्लास्टिकचे, खाली गुळगुळीत लादी. बॉक्स एक-दोन मि.मी. हलला तरी ग्रॅनाइट आणि भिंतीच्या टाइलमधला सिलिकॉनचा जोड उघडतो आणि सिंकमागचं पाणी थेट बॉक्सच्या पाठीवर उतरतं. शिवाय ग्रॅनाइट येईपर्यंतच्या दिवसांत वर दगड नसलेल्या बॉक्सचे दोन भरलेले ड्रॉवर एकत्र उघडले तर तो सरळ अंगावर येऊ शकतो.

भिंतीला नेमकं कुठे धरायचं?

वरच्या मागच्या आडव्या पट्टीतून, साइडच्या जवळ. पाठीच्या ६ मि.मी. प्लायमधून कधीही नाही; तो फाटून स्क्रूचं डोकं आरपार जातं. मागची पट्टी नसेल तर लांबट खाच असलेला एल अँगल साइडच्या आत लावा, बॉक्सच्या बाजूला १६ मि.मी. चे स्क्रू आणि भिंतीच्या बाजूला गिट्टी, म्हणजे भोकात बसून स्क्रू धरणारा प्लास्टिकचा खुंटा. खाच उभी ठेवली तर शेवटी थोडं वर-खाली करता येतं. ६०० आणि ९०० च्या बॉक्सला दोन-दोन ठिकाणी, ३०० ला एक, कोपऱ्याच्या बॉक्सला दोन्ही भिंतींवर दोन-दोन. आपल्या किचनला एकूण ११.

स्क्रू कसला आणि सगळी जुळवलेली लेव्हल बिघडली, हे का होतं?

भिंत कुठेच ओळंब्यात नसते. बॉक्सची मागची बाजू आणि भिंत यांच्यात काही ठिकाणी फट असणारच. समजा वर ६ मि.मी. फट आहे आणि तुम्ही स्क्रू पूर्ण कसला. बॉक्सचा माथा ६ मि.मी. मागे जातो, बॉक्स मागच्या पायांवर कलतो, आणि पुढचे पाय साधारण ३ ते ४ मि.मी. लादीवरून उचलले जातात. ग्रॅनाइट ठेवल्यावर ते परत खाली बसायला बघतात आणि सगळे जोड ताणले जातात.

म्हणून स्क्रूच्या जागी फटीएवढं पॅकिंग आधी द्या. ॲक्रिलिक, पीव्हीसी शीट किंवा लॅमिनेटचे कापलेले तुकडे चांगले, कारण ते भिजून फुगत नाहीत. पुठ्ठा नको. पॅकिंग हाताने सरकेल इतपत घट्ट असावं. स्क्रू कसताना लेव्हल बॉक्सवर ठेवूनच कसा. बुडबुडा हलला की थांबा. भिंत स्क्रूने सरळ होत नाही.

भिंतीत किती मोठं भोक आणि किती लांब स्क्रू?

विटांच्या भिंतीला ८ मि.मी. ची गिट्टी आणि ५ मि.मी. जाडीचा स्क्रू. लांबीचा हिशोब असा: पट्टी १८, पॅकिंग ५, प्लॅस्टर १५ आणि विटेत गिट्टीचे ४०. एकूण ७८, म्हणजे ८० चा स्क्रू. भिंतीवर टाइल असेल तर टाइल आणि तिच्या मागच्या मालाचे १२ ते १५ मि.मी. वाढवा. भोक स्क्रूच्या टोकाच्या पुढे निदान १० मि.मी. खोल हवं आणि आतली धूळ फुंकून काढा, नाहीतर गिट्टी अर्धीच जाते.

गिट्टी प्लॅस्टरच्या पलीकडे, विटेत जायला हवी. प्लॅस्टरमध्येच फुगलेली गिट्टी स्क्रू कसताना गोल गोल फिरायला लागते. टाइलमध्ये फुगलेली गिट्टी टाइलच तडकवते. त्यामुळे टाइल असेल तर गिट्टी टाइलच्या मागे ढकलून घ्या, टाइलला भोक हॅमर बंद ठेवून पाडा आणि कडेपासून निदान २५ मि.मी. सोडा.

भिंत सिपोरेक्सची किंवा मायवानची असेल तर?

एएसी ब्लॉक, ज्याला सगळे सिपोरेक्स म्हणतात, तो मऊ असतो. त्यात हॅमर लावला तर भोक ऐसपैस होतं आणि गिट्टी बसतच नाही. साधं ड्रिल फिरवा, आणि एएसीसाठी म्हणून मिळणारी लांब नायलॉनची गिट्टी घ्या. साधी गिट्टी हाताला घट्ट वाटते, पण दोन-चार महिने ड्रॉवर ओढल्यावर सैल होते.

मायवान म्हणजे पूर्ण काँक्रीटची भिंत. साधं इम्पॅक्ट ड्रिल तिथे नुसतं तापतं. रोटरी हॅमर हवा. भोकात सळई लागली तर झटापट करू नका, २५-३० मि.मी. बाजूला सरका. भिंत सांगता येत नसेल तर भोकाची पूड बघा: लाल म्हणजे भाजलेली वीट, पांढरी-करडी आणि सुळकन निघणारी म्हणजे एएसी, करडी आणि मुश्किलीने निघणारी म्हणजे काँक्रीट.

आणि ड्रिल लावायच्या आधी: स्विचबोर्डच्या, नळाच्या आणि अँगल कॉकच्या सरळ वर-खाली भोक नको. दोन्ही बाजूंना १५० मि.मी. सोडा. सिंकच्या भिंतीत पाण्याच्या लाइनी आडव्याही जातात. प्लंबिंग करतानाचे फोटो असतील तर ते समोर ठेवूनच काम करा, नसतील तर डिटेक्टर फिरवा.

आमचा कडप्प्याचा ओटा आधीच आहे. त्याखाली असे बॉक्स बसवता येतात का?

येतात, पण गणित उलटं होतं. इथे ओट्याची खालची बाजू ठरलेली आहे. तिच्यापासून जमिनीपर्यंतचं सर्वांत कमी अंतर मोजा आणि त्यातून १० ते १५ मि.मी. वजा करून बॉक्स आणि पाय मिळूनची उंची ठरवा, नाहीतर बॉक्स आत सरकणारच नाही. मागचे पाय इथेही आधी मोजूनच लावायचे. बॉक्स आत गेल्यावर पुढचे पाय लेव्हल येईपर्यंतच फिरवा. वरच्या दगडाला टेकवून उचलायचा प्रयत्न करू नका. कडप्पा खालून उचलला गेला की भिंतीतला त्याचा जोड आधी सुटतो. वरची फट पुढे पट्टी लावून झाका.

ग्रॅनाइट बसल्यावर एक पाय सैल फिरतोय. हा धोका आहे का?

एखादाच असेल तर नाही. ग्रॅनाइटच्या वजनाने बॉक्स थोडे बसतात आणि एखादा पाय मोकळा होतो. तो टेकेपर्यंत हाताने फिरवा, पान्याने नाही. पान्याने आवळून वर उचललंत तर आता उचललं जाईल ते ग्रॅनाइट. एकाच बाजूचे सगळे पाय सैल असतील तर मात्र बॉक्स भिंतीच्या स्क्रूंवर लटकतो आहे. ते स्क्रू अर्धा फेरा सैल करा, बॉक्स पायांवर बसू द्या, पॅकिंग तपासा आणि मग परत कसा. स्कर्टिंगच्या क्लिपा हे सगळं झाल्यावरच लावा.